लसीकरणाचे रिमाइंडर मेसेज: पावसाळ्याआधी काय लिहायचं, कधी पाठवायचं?

काउंटरताई_नेरुळ | २ एप्रिल, दुपारी १:४०

नमस्कार मंडळी. मी नेरुळला प्राण्यांच्या एका छोट्या दवाखान्यात काउंटर बघते, म्हणजे फोन, अपॉइंटमेंट, लसीची कार्डं सगळं माझ्याकडेच असतं. डॉक्टर म्हणालेत की या महिन्यात लसीच्या आठवणीचे मेसेज नीट बसव, कारण गेल्या वर्षी २६ मेलाच पाऊस आला आणि जे "शाळा सुरू झाली की जूनमधे येतो" म्हणत होते त्यांचे कुत्रे लस न घेताच पाण्यात फिरले. आत्ता आमच्याकडून जातो तो मेसेज असा आहे:

"प्रिय पालक, आपल्या लाडक्याचे वार्षिक लसीकरण ड्यू आहे. त्वरित संपर्क साधा. निरोगी प्राणी, आनंदी कुटुंब!"

ब्लू टिक येतात पण माणसं येत नाहीत, आणि जी येतात ती सगळी रविवारी सकाळी अकराला एकदम येतात. मला लोकांना घाबरवायचं नाहीये आणि डिस्काउंटचा मारा पण करायचा नाहीये. तुम्ही स्वतः मेसेज मिळणारे असाल किंवा पाठवणारे असाल, वाचून सांगा यात काय बदलू.

पशुवैद्य_घोडबंदर | २ एप्रिल, दुपारी ३:१५

ताई, या मेसेजमधे कुठली लस ते लिहिलेलंच नाहीये. माणूस वाचतो, मनात म्हणतो "हो ते रेबीजचं असेल, आमचा कुठे कोणाला चावतो" आणि पुढे सरकतो. "वार्षिक लसीकरण" अशी एकच लस नसतेच, कुत्र्याच्या कार्डावर साधारण दोन ओळी असतात, एक रेबीज आणि दुसरी ती नाइन इन वन किंवा सेव्हन इन वन, ज्यात डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस आणि लेप्टो असं सगळं एकत्र येतं.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर यातलं जे खरं महत्त्वाचं आहे ते लेप्टो. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात उतरतात, साचलेल्या पाण्यातून कुत्रा चालला की पंजाच्या चिरेतून नाहीतर पाणी चाटल्यावर तोंडातून आत जातात. आणि एकत्र लसीतला बाकीचा भाग लांबला तरी थोडंफार निभावतं, लेप्टोचं तसं नाही. त्याचं संरक्षण साधारण वर्षभरच धरायचं, आणि गॅप फार पडला तर एका इंजेक्शनवर काम होत नाही, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन द्यावी लागतात आणि दुसऱ्यानंतरही अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात. म्हणून तुमचा मेसेज एप्रिलमधे जाणं गरजेचं आहे, मेच्या शेवटी नाही.

कळवेकर_काका | २ एप्रिल, संध्याकाळी ५:०२

मला एक कळत नाही दरवर्षी कशाला टोचायचं. माझा भाचा कॅनडात असतो, त्याच्या कुत्र्याला तीन वर्षांनी एकदा लस देतात. तिकडचे डॉक्टर काय वेडे आहेत का. इथे सगळं बिल वाढवायला चाललंय असं लोकांना वाटतं आणि म्हणून तुमचे मेसेज कोणी उघडून बघत नाही, स्पष्ट बोलतो राग नसावा.

पशुवैद्य_घोडबंदर | २ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

काका राग कसला, तुमचं अर्धं बरोबरच आहे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस या तिघांचं लहानपणीचं सगळं नीट झालं असेल आणि वर्षाचा बूस्टर झाला असेल तर पुढे तीन वर्षांनी दिलं तरी चालतं असं डब्ल्यूएसएव्हीए या पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण तेच लोक लेप्टो दरवर्षी द्यायला सांगतात. भाच्याला विचारा, लेप्टो देत असतील तर ती तिकडेही वर्षालाच असणार.

इथे अडचण अशी होते की आपल्याकडे जी एकत्र लस येते त्यात सगळं बांधलेलं असतं, त्यामुळे लेप्टो दरवर्षी द्यायची म्हटली की बाकीचं पण बरोबर जातं. सुटी लेप्टो प्रत्येक दवाखान्यात मिळेलच असं नाही. रेबीज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दरवर्षीच देतात, एकतर रेबीज इथे रस्त्यावर आहे आणि दुसरं म्हणजे महापालिकेचा परवाना काढताना चालू वर्षाचं सर्टिफिकेट मागतात.

कळवेकर_काका | २ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

बरं. हे असं जर मेसेजमधे लिहिलं असतं तर मी एवढा बोललो नसतो. पण तरी आमचा तर पावसात बाहेरच जात नाही, पोडियमवर फिरतो आणि वर येतो.

सीवूड्स_वॉकर | २ एप्रिल, रात्री ८:१०

काका पोडियमवर उंदीर नसतात असं कोणी सांगितलं तुम्हाला. आमच्या टॉवरच्या कचऱ्याच्या खोलीशेजारचं गटार पावसात भरतं आणि ते पाणी रॅम्पवरून थेट पार्किंगमधे येतं. कुत्र्याला लिफ्टकडे न्यायचं तर त्यातूनच जावं लागतं.

मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय. आमची लूसी गेल्या दिवाळीत गेली, किडनीचं होतं, तेरा वर्षांची होती. फेब्रुवारीत एका दवाखान्याकडून (नाव लिहीत नाही) मेसेज आला, "लूसी तुमची वाट बघतेय, तिचा बूस्टर चुकवू नका", वर तिचा फोटो. माझ्या मुलाने तो आधी वाचला. तो दिवसभर काही बोलला नाही. ताई तुम्ही बाकी काहीही लिहा पण यादीतून गेलेली जनावरं काढा, त्याच दिवशी काढा, कोणी फोनवर सांगितलं तरी काढा.

काउंटरताई_नेरुळ | २ एप्रिल, रात्री ९:२०

सीवूड्स ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे कार्ड बंद केलं की शाईने एक रेघ मारतात पण फोनमधलं नाव तसंच राहतं, हे उद्याच दुरुस्त करून घेते. दुसऱ्या दवाखान्यात गेलेलं जनावर पण वाचवता आलं नसेल तर ते आम्हाला कळतच नाही, तिथे काय करायचं?

सीवूड्स_वॉकर | २ एप्रिल, रात्री ९:४५

मेसेजच्या शेवटी एक साधी ओळ ठेवा, "काही बदल असेल तर फक्त 'थांबवा' असं लिहा, आम्ही पुन्हा मेसेज करणार नाही". कारण विचारू नका. मी तेव्हा एवढंच लिहू शकले असते. आणि "तुमची वाट बघतेय" वगैरे जनावराच्या तोंडी बोलणं नको.

शीटवाला_ऐरोली | ३ एप्रिल, सकाळी ७:५०

लोकलमधून टाइप करतोय सांभाळून घ्या. ताई तुम्ही ब्रॉडकास्ट लिस्ट वापरता का? वापरत असाल तर एक गोष्ट तपासा, व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमधे सेव्ह केलाय, आणि एका लिस्टमधे २५६ च नंबर बसतात. बाकीच्यांना मेसेज जातच नाही आणि तुम्हाला वाटतं पाठवला. कार्ड बनवतानाच मालकाच्या हातात फोन असतो, तेव्हाच "आमचा नंबर सेव्ह करता का, लसीची तारीख येईल" असं सांगायचं.

दुसरं म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी पाठवू नका. शीटमधे प्रत्येक जनावराची एक ओळ, शेवटच्या डोसची तारीख सी कॉलममधे आणि बाजूला हे दोन:

```
=EDATE(C2,12)-21
=DATEDIF(C2,TODAY(),"M")
```

पहिलं सांगतं मेसेज कुठल्या दिवशी पाठवायचा, म्हणजे वर्ष भरायच्या एकवीस दिवस आधी. दुसरं सांगतं शेवटच्या डोसला किती महिने झाले. सकाळी आल्यावर पहिल्या कॉलममधे आजची तारीख असलेल्या ओळी तेवढ्या काढायच्या, रोजचे थोडेच निघतात आणि मग तुमची रविवारची गर्दी पण आपोआप पसरते.

पशुवैद्य_घोडबंदर | ३ एप्रिल, दुपारी २:०५

शीटवाले भाऊ चांगलं सांगितलंत, फक्त लेप्टोसाठी एक भर घाला. ज्याची तारीख ऑगस्ट-सप्टेंबरात येते त्याचं वर्ष भर पावसात संपतं. अशा कुत्र्यांना आम्ही हळूहळू मागे आणतो, म्हणजे या वर्षी ऑगस्टऐवजी मेमधेच देतो, पुढच्या वर्षापासून मे हीच तारीख पक्की. लवकर दिल्याने काही बिघडत नाही, उशिरा दिल्याने बिघडतं.

आणि ते महिन्यांचं कॉलम खूप कामाचं आहे. बारा-तेरा महिने झाले असतील तर एक डोस, नेहमीचा मेसेज. त्याच्या पुढे किती महिन्यांनंतर दोन डोस धरायचे यावर आमच्यात एकमत नाही, कोणी पंधरा महिने धरतं, कोणी अठरा. ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि तो आकडा शीटवर मोठा लिहून ठेवा म्हणजे काउंटरवर रोज नवीन निर्णय नको.

लॅबचा_बाबा_खारघर | ३ एप्रिल, रात्री १०:१५

डॉक्टर साहेब माझंच बघा ना मग. शेरू, लॅब्राडोर, पाच वर्षांचा. कार्डावर नाइन इन वनची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर २०२४ आहे. गेल्या ऑक्टोबरात बदलीच्या गडबडीत राहून गेलं, मेसेज आला असेल पण त्यात नुसतं ड्यू लिहिलं होतं आणि मी पुढच्या आठवड्यात म्हणत राहिलो. तसा तो ठणठणीत आहे. शनिवारी ११ एप्रिलला मी घरी आहे. एक डोसमधे होईल ना? पावसात आम्ही सेंट्रल पार्कच्या बाजूला फिरतो, तिथे पाणी साचतं.

पशुवैद्य_घोडबंदर | ४ एप्रिल, सकाळी ९:३०

अठरा महिने होतायत. डिस्टेंपर-पार्व्होसाठी एक डोस पुरेल, आधीचं सगळं व्यवस्थित झालेलं असलं तर. पण लेप्टोसाठी मी दोन देईन. ११ एप्रिलला पहिला दिलात तर दुसरा २ मे ते ९ मेच्या दरम्यान, दोन्ही शनिवारच आहेत, तुमच्या सोयीचे. ९ मेला दिला तर मेचा चौथा आठवडा लागेपर्यंत संरक्षण तयार होतं. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे खरी, पण गेल्या वर्षीसारखा २६ मेला आला तर तुम्ही काठावर बसाल. म्हणून २ मेच धरा. रेबीजची तारीख वेगळी बघा, ती पण मागे राहिली असेल तर त्याच वेळेला होईल.

आणि हे ध्यानात ठेवा, लेप्टोचे प्रकार पुष्कळ आहेत आणि लसीत त्यातले काहीच असतात. लस झाली म्हणून साचलेल्या पाण्यात सोडायचा असं नाही. घरी आल्यावर पाय धुवून, बोटांच्या मधे पुसून घ्या. अंग गरम, खाणं बंद, उलट्या, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या, लघवी एकदम कमी किंवा एकदम जास्त, असं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा आणि हातमोजे घालूनच लघवी पुसा, कारण हा आजार आपल्यालाही होतो.

लॅबचा_बाबा_खारघर | ४ एप्रिल, सकाळी ९:५२

२ मे फोनमधे टाकला. हे सगळं ऑक्टोबरच्या मेसेजमधे एका ओळीत आलं असतं, "आत्ता एक इंजेक्शन, उशीर झाला तर दोन", तर मी सुट्टी काढून गेलो असतो खरंच.

काउंटरताई_नेरुळ | ४ एप्रिल, दुपारी १२:२०

ही ओळ मी उचलतेय दादा.

मनीमाऊ_ठाणे | ४ एप्रिल, दुपारी १:०५

मला माझ्या मांजरीसाठी पण नाइन इन वन घ्यायची आहे, कुठे मिळेल ठाण्यात? पाचपाखाडी जवळ असेल तर बरं. आमच्या दवाखान्यातून असाच मेसेज आलाय की पावसाळ्यापूर्वी नाइन इन वन घ्या म्हणून, मी दोन दिवस शोधतेय.

पशुवैद्य_घोडबंदर | ४ एप्रिल, दुपारी १:३०

ताई थांबा, ती कुत्र्यांची लस आहे, मांजरीला द्यायची नाही. मांजरीला ट्रायकॅट म्हणजे थ्री इन वन असते आणि रेबीज. लेप्टोची लस मांजरींना आपण देत नाही. तुमच्या दवाखान्याने बहुतेक एकच मेसेज सगळ्यांना ढकललाय. मांजरीचं कार्ड काढून शेवटच्या तारखा बघा आणि फोन करून विचारा.

मनीमाऊ_ठाणे | ४ एप्रिल, दुपारी १:४१

बापरे. बरं झालं इथे विचारलं. ती घराबाहेर जात नाही, तरी रेबीज लागते का?

पशुवैद्य_घोडबंदर | ४ एप्रिल, दुपारी १:५०

मी देतो. गॅलरीतून भटकी मांजर आत येऊ शकते, आणि रेबीज झाल्यावर उपाय नाही. शिवाय मांजर तुम्हाला बोचकारते किंवा चावते तेव्हा तिची लस झालीय हे माहीत असलं की डॉक्टरांना पुढचं ठरवायला मदत होते. तरी चावल्यावर माणसाने स्वतःचं इंजेक्शन टाळायचं नाही, ते डॉक्टर सांगतील तसं घ्यायचंच.

काउंटरताई_नेरुळ | ४ एप्रिल, दुपारी २:३०

म्हणजे मला कुत्रा आणि मांजर असे दोन वेगळे मेसेज लागतील. आणि मांजरवाल्यांना मी वेळ पण वेगळी देईन, दुपारी एकनंतर दवाखाना शांत असतो, भुंकणं नसतं, मांजरी निदान बास्केटमधून बाहेर यायला तयार होतात.

पामबीच_पप्पी | ४ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. आमचं पिल्लू सहा आठवड्यांचं असताना पहिला डोस झाला, मग नऊला, मग बाराला. म्हणजे तीन झाले. कार्डावर पुढची तारीख पुढच्या वर्षीची लिहून दिलीय. आता साडेतेरा आठवड्यांचं आहे. सासूबाई म्हणतात तीन झाले की कोर्स संपला, खाली बागेत न्यायला लागू या. नेऊ का?

पशुवैद्य_घोडबंदर | ४ एप्रिल, रात्री ८:४०

अजून नका नेऊ. पिल्लाच्या बाबतीत डोस मोजायचे नसतात, शेवटचा डोस कुठल्या वयात झाला ते बघायचं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे पिल्लाच्या अंगात राहते आणि ती असेपर्यंत लस टोचली तरी ती दाबली जाते. कोणाची आठव्या आठवड्यात ओसरते, कोणाची चौदाव्यात, बाहेरून कळत नाही. म्हणून शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा असं जगभर ठरलंय. तुमच्या पिल्लाला बाराव्या आठवड्यातला डोस लागला असेलही, पण नसेल लागला तर ते आत्ता पूर्ण उघडं आहे आणि तुम्हाला वाटतंय कोर्स झाला. पार्व्होने जी पिल्लं येतात, रक्ताचे जुलाब आणि उलट्या घेऊन, त्यातली बरीच अशीच असतात, कार्डावर तीन तारखा असतात आणि शेवटची बारा आठवड्यांच्या आतली असते.

सोळा आठवडे पूर्ण झाले की आणखी एक डोस घ्या आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी बागेत न्या. तोवर कडेवर घेऊन खाली फिरवा, माणसं, रिक्षा, आवाज बघू दे, जमिनीवर ठेवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. रेबीज पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, ती झाली नसेल तर त्याच वेळेस विचारून घ्या.

पामबीच_पप्पी | ४ एप्रिल, रात्री ९:०५

हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणतायत डॉक्टरांना विचारूनच. पण एवढं दवाखान्यात का सांगत नाहीत?

काउंटरताई_नेरुळ | ४ एप्रिल, रात्री ९:३०

सांगतात पण पाच मिनिटांत, आणि पिल्लू ओरडत असतं. म्हणून मेसेजमधे लिहिलेलं असायला हवं. पिल्लांसाठी मी तिसरा मेसेज करेन, त्यात फक्त वय असेल, "सोळा आठवडे पूर्ण होतात १८ तारखेला, त्यानंतरचा डोस बाकी आहे" असं.

शीटवाला_ऐरोली | ५ एप्रिल, सकाळी ८:०५

त्यासाठी कार्डावर जन्मतारीख हवी ताई, नुसतं "२ महिने" नको. लोकांना नक्की माहीत नसेल तर अंदाजे तारीख लिहा आणि अंदाजे असं लिहून ठेवा. नाहीतर शीट काही कामाची नाही.

कळवेकर_काका | ५ एप्रिल, सकाळी १०:३०

बुकिंगचं काय पण? मला विचाराल तर "दहा टक्के सूट" लिहा, सगळे धावत येतील. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाका.

पशुवैद्य_घोडबंदर | ५ एप्रिल, दुपारी १२:१५

मी टाकत नाही. पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करण्यावर व्हेटरनरी कौन्सिलच्या आचारसंहितेत बंधनं आहेत. माझ्याकडे आधीच ज्याचं कार्ड आहे त्याला त्याच्या जनावराची तारीख कळवणं मला योग्य वाटतं, ग्रुपवर सूट जाहीर करणं वाटत नाही. काही सहकारी कॅम्प लावतात, त्यांचं वेगळं मत असू शकतं.

आणि गर्दी हा लसीकरणातला खरा धोका आहे. रविवारी अकराला सगळे आले की उलट्या करणारं पिल्लू आणि लस घ्यायला आलेलं पिल्लू एकाच बाकाखाली बसतात. माझ्याकडे लसीची वेळ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, आजाऱ्यांची त्यानंतर, मधे फरशी ब्लीचने पुसतात. शिवाय लस दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटं बसवून ठेवायचं असतं, कधीतरी तोंड सुजतं, अंगावर गाठी येतात, उलटी होते, ते तिथेच दिसलेलं बरं. घरी गेल्यावर एक-दोन दिवस मलूल राहणं, टोचलेल्या जागी दुखणं हे चालतं, पण तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर लगेच परत. बसायला जागा लागते म्हणून स्लॉट लागतात. ही कारणं लोकांना सांगितली तर ते वेळ पाळतात.

काउंटरताई_नेरुळ | ५ एप्रिल, संध्याकाळी ५:५०

सगळं वाचून नवीन लिहिलंय. कुत्र्यांचा असा:

"नमस्कार, शेरूच्या नाइन इन वन लसीला २४ एप्रिलला वर्ष होतंय. यात लेप्टोचं संरक्षण आहे, ते साधारण वर्षभरच टिकतं. वेळेत घेतली तर एक इंजेक्शन पुरतं, फार उशीर झाला तर दोन लागू शकतात. लसीच्या वेळा आजाऱ्यांपासून वेगळ्या ठेवल्यात. बुधवार २२ सकाळी १०:०० किंवा शनिवार २५ सकाळी १०:३०, यातली कुठली जमेल? १ किंवा २ लिहून पाठवा. दुसरी वेळ हवी असेल तर तेही लिहा. येताना कार्ड आणा. तो खात नसेल, जुलाब किंवा उलट्या असतील तर आधी कळवा, मग लस पुढे घेऊ. काही बदल असेल तर 'थांबवा' एवढंच लिहा."

खारघरचे दादा, शेरूचं नाव नमुन्याला घेतलंय, चालेल ना?

लॅबचा_बाबा_खारघर | ५ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

चालेल की, त्याचं नाव मोठं होतंय. हा मेसेज मला आला असता तर १ लिहून टाकला असता. दोनच वेळा दिल्यात ते बरं, "तुम्हाला कधी जमेल" विचारलं की मी विचार करत बसतो आणि राहून जातं.

पशुवैद्य_घोडबंदर | ५ एप्रिल, रात्री ८:००

चांगला आहे. एक बदल, "नाइन इन वन" हे ब्रँडप्रमाणे बदलतं, दोन कंपन्यांच्या नाइन इन वनमधे नेमकं काय काय आहे ते वेगळं असू शकतं. कार्डावर बाटलीचा स्टिकर लावता ना, त्यावरचं नाव मेसेजमधे टाका. दुसऱ्या दवाखान्यात गेले तरी त्यांना कळतं आधी काय दिलं होतं. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवलेली असली पाहिजे, गोठली तरी रेबीज आणि लेप्टोची वाया जाते, म्हणून औषधाच्या दुकानातून पिशवीत आणलेली लस आम्ही सहसा टोचत नाही, हेही कधीतरी एका मेसेजमधे सांगा.

सीवूड्स_वॉकर | ५ एप्रिल, रात्री ८:३५

"थांबवा" ठेवलंत, बरं वाटलं. मेसेज कितीदा जाणार पण? एकदा उत्तर नाही आलं तर?

काउंटरताई_नेरुळ | ५ एप्रिल, रात्री ९:१०

एकवीस दिवस आधी एक, तीन दिवस आधी एक, आणि तारीख उलटून दोन आठवड्यांनी मी स्वतः फोन करेन, मेसेज नाही. त्याच्यानंतर पुढच्या एप्रिलपर्यंत गप्प.

शीटवाला_ऐरोली | ५ एप्रिल, रात्री ९:४०

फोन कितीला करणार ते ठरवा, ऑफिसवाले लोक अकरा ते सहा उचलत नाहीत. साडेसातनंतर, पण नऊच्या आधी.

पशुवैद्य_घोडबंदर | ५ एप्रिल, रात्री १०:०५

फोन ठीक आहे पण पैशांचं कुठेच लिहिलं नाहीये तुम्ही. मी लिहितो, लोक विचारायला लाजतात आणि मग येतच नाहीत. पण माझ्या बायकोचं म्हणणं की किंमत लिहिली की लोक फक्त किंमतच वाचतात. आमच्याकडे वर्षभर हे भिजत पडलंय.

मनीमाऊ_ठाणे | ५ एप्रिल, रात्री १०:३०

मला लिहिलेलं आवडेल. पाचपाखाडीत कोण ट्रायकॅट देतं ते पण सांगा कोणीतरी, बास्केटसकट रिक्षाने जायचंय, फार लांब नको.